साहेबांचे ट्रॅक चेंजेस, दहा राउंड आणि मूळ लेखकाचा आवाज: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात संपादनाचं काम करते. बहुतेक कामं संस्थांची असतात, माहितीपुस्तिका, स्मरणिका, शेतकऱ्यांसाठी छोटी पुस्तकं. लिहिणारा एक असतो, मंजुरी देणारा साहेब दुसरा असतो आणि मधे वर्डची फाइल घेऊन मी. साहेब त्यात ट्रॅक चेंजेस चालू ठेवून बदल करतात, म्हणजे खोडलेलं-घातलेलं सगळं रंगात दिसतं, आणि फाइल त्यांच्याकडून एकदा फिरून आली की एक राउंड झाला. खालचे प्रश्न नवीन मुलं-मुली मला सारखे विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, गुऱ्हाळावरची ४८ पानांची पुस्तिका. लेखक पन्हाळा तालुक्यातले एक जुने गुळवे, वय सत्तरीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. छापणारी संस्था आणि तिथले साहेब यांची नावं देत नाही, त्याची गरजही नाही.

साहेबांची फाइल आली, सगळीकडं लाल-निळं दिसतंय. पहिलं काय करू?

पहिलं म्हणजे काहीच अॅक्सेप्ट करू नका. आलेल्या फाइलची एक कॉपी करा, तिला राउंडचा नंबर आणि तारीख द्या आणि ती कॉपी परत कधी उघडायची नाही असं ठरवून बाजूला ठेवा. अॅक्सेप्ट केलेल्या बदलाचा माग राहत नाही हे लक्षात घ्या. फाइल सेव्ह करून बंद केली की आधी तिथं काय होतं आणि कुणी बदललं हे त्या फाइलमधून परत निघत नाही, मग आठवड्यानं आण्णांचा फोन येतो की माझं ते वाक्य कुठं गेलं आणि आपण नुसतं बघत बसतो.

मग Review मध्ये जाऊन No Markup करा आणि सगळा मजकूर एकदा सलग वाचा, साहेबांनी काय केलंय ते न बघता, एखादा वाचक वाचेल तसा. कुठं अडखळायला होतंय तिथं पेन्सिलनं कागदावर खूण करा. त्यानंतरच All Markup करायचं. उलटं केलं तर डोळा फक्त रंगावर जातो, वाक्यावर जात नाही, आणि प्रत्येक बदल सुटा सुटा बघितला की प्रत्येक बदल बरोबरच वाटतो.

दोनशे-अडीचशे बदल बघून डोकं गरगरतं हो. ते कमी कसे करायचे?

गुऱ्हाळाच्या पुस्तिकेच्या दुसऱ्या राउंडला Reviewing Pane उघडलं तर आकडा २१२ दिसला. मी घाबरले नाही असं नाही. पण त्यातले ९४ नुसते फॉर्मॅटिंगचे होते, कुणीतरी फॉन्ट बदललेला, ओळींमधलं अंतर बदललेलं. लेखकाच्या आवाजाशी त्यांचा काही संबंध नाही, ते एका झटक्यात काढता येतात. Show Markup मध्ये जाऊन फक्त Formatting ची खूण ठेवायची, बाकीच्या काढायच्या, आणि मग Accept च्या खालच्या बाणात Accept All Changes Shown घ्यायचं. त्याच्या शेजारी Accept All Changes असतं ते दाबायचं नाही, नावं जवळजवळ सारखी आहेत आणि घाईत हात तिथंच जातो. Shown वालं फक्त समोर दिसणारेच बदल घेतं, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं.

दुसरी भानगड मराठीची आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. "गुऱ्हाळ" या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून येतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द असतात. साहेबांच्या ऑफिसात कुणीतरी आपल्या कीबोर्डवर शब्द टाइप करून सगळीकडं रिप्लेस मारला होता, त्यामुळं ३१ ठिकाणी "गुऱ्हाळ" खोडून "गुऱ्हाळ"च घातलेलं दिसत होतं! मी अर्धा तास विचार करत होते की साहेबांना नेमकं काय बदलायचंय. असं दिसलं की समजायचं, आत अक्षरं वेगळी आहेत. पहिल्या राउंडच्या आधीच सगळ्या फाइलभर एकच पद्धत करून घ्या आणि टाइप करणाऱ्या सगळ्यांना ती सांगा.

याच जातीतलं अजून एक. कुणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये परिच्छेद टाइप करून पेस्ट केला तर तो अख्खा परिच्छेद खोडला आणि अख्खा नवीन घातला असं दिसतं, मग आतला एक शब्द बदललाय का दहा हे कळत नाही. तो आधी युनिकोडमध्ये करून घ्या, मगच बदल बघायला बसा.

९४ आणि ३१ गेले, उरले ८७. तेवढ्यांवर मात्र एकेक करून बसायचं.

कुठला बदल घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवायचं कशावरून?

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

त्या ८७ मधले २६ शुद्धलेखनाचे आणि टायपोचे होते, ते घेतले, विषय संपला. १९ माहितीचे होते, म्हणजे कुठं आकडा चुकलेला, कुठं माप राहिलेलं. तेही घेतले. उरले ४२, आणि लेखकाचा आवाज राहणार का जाणार ते या बेचाळीसमध्ये ठरतं. कारण त्यात साहेबांनी काही चूक दुरुस्त केलेली नसते, त्यांना ते तसं बरं वाटलेलं असतं. पण बऱ्याच वेळा त्या "बरं वाटण्याच्या" पोटात एक खरी दुरुस्ती लपलेली असते, म्हणून सरसकट रिजेक्टही मारता येत नाही.

एक परिच्छेद दाखवते. आण्णांनी लिहिलेला मूळ असा होता:

> पाक झाला का न्हाई हे घड्याळ सांगत न्हाई. काहिलीतला फेस बसाय लागला, बुडबुडं जड पडाय लागलं की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडतोय. बोटानं गोळा करून गोळी वळली आणि घमेल्यावर मारल्यावर टणकन वाजली की समजायचं आला पाक. मग थांबायचं न्हाई. पापणी लवली तरी रंग गेला.

साहेबांनी केलेला असा:

> पाकाची योग्य अवस्था ओळखण्यासाठी त्याचे तापमान ११६ ते ११८ अंश सेल्सिअस असणे आवश्यक आहे. सदर तापमानास पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला असता त्याची घट्ट गोळी तयार होते. त्यानंतर विलंब न करता पाक वाफ्यामध्ये ओतण्यात यावा, अन्यथा रंगावर विपरीत परिणाम होतो.

आता शांतपणे बघा. साहेबांनी दोन गोष्टी नवीन आणल्या. एक म्हणजे तापमान, आणि ते बरोबर आहे, घट्ट गुळाचा पाक त्याच सुमाराला उतरवतात. दुसरं म्हणजे पाक पुढं कुठं जातो ते, वाफ्यात, म्हणजे पाक गार व्हायला ओततात त्या खोलगट जागेत. आण्णांनी ते लिहिलंच नव्हतं कारण त्यांच्या दृष्टीनं ते सांगायची गोष्टच नाही, पण नवीन पोराला ते माहीत नसतं. या दोन्ही दुरुस्त्या पाहिजेतच. पण त्यांच्यासोबत काय गेलं तेही बघा. फेस बसणं गेलं, बुडबुडे जड पडणं गेलं, टणकन वाजणं गेलं. हे नुसतं सजवून लिहिलेलं नव्हतं, थर्मामीटर नसलेल्या माणसाला पाक ओळखायच्या त्या तीन खुणा होत्या! म्हणजे आवाज गेला तशी माहितीही गेली. आणि गुळव्या गेला. मूळ परिच्छेदात काहिलीजवळ एक माणूस उभा होता, साहेबांच्यात कुणीच नाही, थेंब आपोआप "टाकला असता" पडतोय.

शेवटी छापलं ते असं:

> पाक झाला का नाही हे घड्याळ सांगत नाही. काहिलीतला फेस बसायला लागला, बुडबुडं जड पडायला लागलं की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडतोय. बोटानं गोळा करून गोळी वळली आणि घमेल्यावर मारल्यावर टणकन वाजली की समजायचं आला पाक. थर्मामीटर लावला असंल तर त्या वेळी तो ११६ ते ११८ अंश दाखवतो. मग थांबायचं नाही, लगेच वाफ्यात ओतायचा. पापणी लवली तरी रंग गेला.

हे अॅक्सेप्टही नाही आणि रिजेक्टही नाही. मी साहेबांचा बदल पूर्ण रिजेक्ट केला, त्यामुळं आण्णांचा मूळ मजकूर जागेवर आला, आणि मग ट्रॅकिंग चालू ठेवून साहेबांच्या दोन गोष्टी आण्णांच्या वाक्यात बसवल्या. शेजारी कॉमेंट टाकली: "तापमान आणि वाफा दोन्ही घेतलंय, मूळ खुणा ठेवल्यात कारण वाचणाऱ्या सगळ्यांकडं थर्मामीटर नाही." साहेबांनी पुढच्या राउंडला त्याला हातही लावला नाही.

तर ठरवायचं असं. बदलानं काय नवीन सांगितलं आणि बदलानं काय काढून टाकलं, हे दोन वेगळे प्रश्न समजून विचारायचे. नवीन सांगितलेलं जवळजवळ नेहमी घ्यायचं. काढलेलं मात्र प्रत्येक वेळी बोट ठेवून तपासायचं. त्या ४२ मधले ११ मी जसेच्या तसे घेतले, २३ असे पुन्हा विणले आणि ८ आण्णांना विचारायला ठेवले.

आण्णांचं "न्हाई" तुम्ही "नाही" केलंत की! मग आवाज राखला कुठं?

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि सुरुवातीला मी "न्हाई"साठी भांडायला निघाले होते. साहेबांनी ते सगळीकडं "नाही" केलं होतं आणि मला वाटलं हे म्हणजे आमच्या भाषेचा अपमान आहे. पण आण्णांनाच विचारलं तर ते म्हणाले, "पोरी, मी बोलतो तसं मुलानं उतरवून घेतलं. छापून आलं की लोक म्हणतील ह्याला लिवाय येत न्हाई. ते सरळ कर. पण टणकन काढू नको."

त्या दिवशी मला नीट कळलं की आवाज म्हणजे उच्चाराचं स्पेलिंग नव्हे. आवाज असतो वाक्य कुठं तुटतं त्यात, आधी काय सांगितलं आणि मागं काय ठेवलं त्यात, कुठला शब्द या माणसाशिवाय दुसरा कुणी वापरणार नाही त्यात. आण्णांची वाक्यं आखूड असतात आणि परिच्छेदाच्या शेवटी एक अगदी छोटं येतं, "रंग गेला", "काम झालं", असं. ते छोटं वाक्य आधीच्या वाक्याला "अन्यथा" किंवा "ज्यामुळे" लावून जोडलं की आण्णा गेले. एकही शब्द बदलला नाही तरी गेले.

तरी सगळं सपाटही करायचं नाही. "बुडबुडं", "सोडतोय" हे ठेवलं कारण ते वाचायला अडत नाही आणि माणूस कुठला आहे ते कळतं. पण ही रेघ कुठं ओढायची ते लेखकाला विचारून पहिल्या राउंडच्या आधी ठरवा. मी एका पानावर लिहून ठेवते, कुठले शब्द हलवायचे नाहीत (आमच्या यादीत काहील, चुलवाण, मळी, काकवी, रवा, गुळव्या), वाक्याची लांबी साधारण किती, वाचणाऱ्याला "तू" म्हणायचं का "तुम्ही". हे पान साहेबांनाही पाठवते, गुपचूप ठेवून उपयोग नाही. साहेबांना रवा आणि ढेप यात गोंधळ वाटत होता, तर तिथंच लिहिलं की गुळाच्या ढेपेला कोल्हापूरच्या मार्केटात रवाच म्हणतात, आणि तो वाद पुढच्या चार राउंडमध्ये परत निघाला नाही.

साहेब हुद्द्यानं मोठे. त्यांचा बदल नाकारायचा कसा?

बदल गुपचूप रिजेक्ट करून फाइल पाठवायची नाही, ही पहिली गोष्ट. त्यांना कळतंच, आणि मग पुढच्या राउंडला ते प्रत्येक ओळ संशयानं बघतात. रिजेक्ट करायचा असेल तिथं कॉमेंट टाका आणि त्यात "लेखकाची शैली" हा शब्द वापरू नका. शैली म्हटलं की साहेबांना वाटतं ही पुस्तकी कौतुकं आहेत. वाचणाऱ्याचं काय होईल ते लिहा. "इथं टणकन काढलं तर थर्मामीटर नसलेल्याला पाक कसा ओळखायचा ते कळत नाही" हे एक वाक्य पुरतं.

आणि आठ-दहा वादाचे मुद्दे एकदम कॉमेंटमध्ये लढू नका, फोन करा किंवा समोर बसा. मी साहेबांसमोर बसून तीन परिच्छेद दोन्ही प्रकारे मोठ्यानं वाचून दाखवले. तिसऱ्याला ते स्वतःच म्हणाले, "ठेवा आण्णांचंच." कागदावर तुटक वाटणारी वाक्यं कानाला बरोबर लागतात.

पण साहेबच बरोबर असले तर?

तर घ्यायचं, मनापासून घ्यायचं. आण्णांनी एका ठिकाणी लिहिलं होतं की पूर्वी गुळाला पिवळा रंग यायला हायड्रॉस नावाची पावडर मारायचे आणि बाजारात त्या गुळाला भाव जास्त मिळायचा. साहेबांनी ती दोन्ही वाक्यं उडवली. मला वाईट वाटलं कारण तो भाग जिवंत होता, चिमूटभर कशी टाकायचे ते हाताच्या हालचालीसकट लिहिलं होतं. पण शेतकऱ्याला शिकवायच्या पुस्तिकेत हायड्रॉस टाकायची रीत छापली तर कुणीतरी ती करणारच. हायड्रॉसमुळं गुळात सल्फर डायऑक्साइड राहतं आणि त्यावर कायद्यानं मर्यादा आहे. साहेबांचं बरोबर होतं.

फक्त सगळं उडवायच्या ऐवजी आण्णांना विचारलं की आता तुम्ही काय सांगाल. ते म्हणाले, "पिवळा गूळ बघायला, तांबूस गूळ खायला." तेच वाक्य तिथं गेलं आणि त्याच्या पुढं मळी काढायला भेंडीचा रस कसा वापरायचा तो भाग. साहेब खूश, आण्णा खूश. आवाज राखायचा म्हणजे लेखकाचं प्रत्येक वाक्य राखायचं असं नाही, काढलेल्या जागी कोण बोलतंय ते बघायचं असतं.

तसंच दुसरं. साहेबांनी आण्णांच्या प्रस्तावनेत घातलं होतं की कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माहिती खरी आहे आणि पाहिजेच, पण आण्णा असं बोलत नाहीत. ती चौकटीत टाकली, संस्थेच्या आवाजात. चौकट ही फार उपयोगाची जागा आहे, संस्थेला जे म्हणायचंय ते तिथं म्हणता येतं आणि लेखकाच्या तोंडात घालावं लागत नाही.

प्रत्येक राउंडला थोडेच बदल होते, तरी शेवटी सगळं सरकारी पत्रकासारखं झालं. हे होतं कसं?

कारण आपण प्रत्येक फाइल आधीच्या राउंडशी ताडून बघतो, मूळ खर्ड्याशी बघत नाही. आमच्याकडं झालं ते सांगते. पहिल्या राउंडला "गुळव्या" एका ठिकाणी "गूळ तयार करणारा" झाला, चाललं. दुसऱ्याला तो "गूळ उत्पादक" झाला, मी फारसं बघितलं नाही कारण बदल एका शब्दाचा होता. तिसऱ्याला एकसारखं दिसावं म्हणून सगळीकडं "उत्पादक". चौथ्या राउंडला मी पाहिलं तर एका अख्ख्या प्रकरणात गुळव्या हा शब्द नव्हता, आणि काहिलीजवळ उभं राहून पाक ओळखणारा माणूस आणि उसाचा मालक यातला फरकच उडाला होता! एकही पायरी मोठी नव्हती. म्हणून चुकलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. दर राउंडनंतर ताजी फाइल मूळ खर्ड्याशी लावायची, म्हणजे लेखकाकडून पहिल्यांदा आली त्या फाइलशी. वर्डमध्ये ते असं होतं. ताज्या फाइलची कॉपी करायची, त्या कॉपीत सगळे बदल अॅक्सेप्ट करायचे. मग Review मध्ये Compare, Original document मध्ये आण्णांचा खर्डा, Revised document मध्ये ही कॉपी. नवीन तिसरी फाइल उघडते आणि त्यात मूळापासून आजपर्यंतचा सगळा प्रवास एकदम दिसतो. कॉपीत बदल अॅक्सेप्ट करायचे राहिले तर वर्ड विचारतं आणि ते अॅक्सेप्ट झालेत असं धरूनच तुलना करतं, त्यामुळं तुम्ही अजून न ठरवलेले बदलही ठरल्यासारखे दिसतात. म्हणून आधीच स्वच्छ कॉपी करा.

या तुलनेत एखादं पान पूर्ण लाल दिसलं तर थांबायचं आणि ते पान मोठ्यानं वाचायचं.

याहून सोपी चाचणी पण आहे, दोन मिनिटांची. Ctrl+F करून "करण्यात", "सदर", "आवश्यक" हे तीन शब्द शोधा आणि बाजूला आकडा येतो तो लिहून ठेवा. आण्णांच्या मूळ खर्ड्यात "करण्यात" एकदाही नव्हतं. चौथ्या राउंडला सतरा वेळा होतं. सतराही ठिकाणी जाऊन बघितलं तर बहुतेक जागी काम करणारा माणूस वाक्यातून गायब झालेला. प्रत्येक लेखकासाठी हे शब्द वेगळे असतील, तो जे शब्द कधीच वापरत नाही ते तीन-चार शोधून काढा.

साहेब ट्रॅकिंग बंद करूनच लिहितात. काय करू?

रागावू नका, बऱ्याच जणांना माहीत नसतं की आपण बंद केलंय, Ctrl+Shift+E चुकून दाबलं तरी बंद होतं. तुमच्याकडं पाठवलेली फाइल आहेच, ती आणि आलेली Compare करा, सगळं दिसेल. पुढच्या वेळी पाठवताना Track Changes च्या खालून Lock Tracking करून पासवर्ड लावा, पण साहेबांना आधी सांगून. न सांगता कुलूप लावलेलं कुणाला आवडत नाही.

दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या फाइलींवर बदल केले...

Compare च्या शेजारीच Combine आहे, ते दोघांचे बदल एका फाइलीत आणतं आणि कुणाचा कुठला ते नावासकट ठेवतं. दोनापेक्षा जास्त फाइली असतील तर एकेक करून जोडत जायचं. पण एकाच वाक्यावर दोघांनी हात फिरवला असेल तर तिथं जो काला होतो तो कुठलंच बटण सोडवत नाही, ते वाक्य मूळ खर्ड्यातून परत घ्या आणि नव्यानं ठरवा. आणि दोघांचं म्हणणं उलट असेल तर निवड तुम्ही करू नका, त्या दोघांनाच एकमेकांशी बोलायला लावा. मी एकदा मधे पडून निवड केली होती आणि पुढचे दोन राउंड फक्त त्या एका वाक्यावर गेले.

सगळे बदल "Author" नावानं दिसतात, कुणाचे ते कळेना.

कुणीतरी फाइलमधून वैयक्तिक माहिती काढून टाकली आहे, Document Inspector चालवून किंवा सेव्ह करताना माहिती काढण्याचं सेटिंग चालू ठेवून. गेलेली नावं परत येत नाहीत. पाठवणाऱ्याला विचारा आणि सेटिंग बंद करायला सांगा. तोपर्यंत मी तरी असे बदल "साहेबांचे" म्हणून धरत नाही, आमच्याकडं एकदा ते ट्रेनी मुलाचे निघाले होते.

साहेब प्रिंट काढून लाल पेननं करतात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवतात.

उत्तम, उलट मला हे आवडतं. लाल पेननं लिहिणारा माणूस सहसा अख्खा परिच्छेद परत लिहीत बसत नाही, समासात "तापमान?" एवढंच लिहितो, आणि तेच तर आपल्याला पाहिजे असतं. फक्त ते बदल तुम्ही फाइलमध्ये ट्रॅकिंग चालू ठेवूनच टाका, आणि साहेबांचं सांगणं व तुमची वाक्यरचना यातला फरक कॉमेंटमध्ये लिहा. प्रिंटचे फोटो काढून त्याच राउंडच्या फोल्डरमध्ये ठेवा, व्हॉइस मेसेजपण ऐकून दोन ओळीत उतरवून ठेवा, नाहीतर तीन आठवड्यांनी "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं.

गूगल डॉक्सवर काम चालू आहे, तिथं काही वेगळं?

साहेबांना लिंक देताना एडिटरऐवजी कॉमेंटरचा हक्क द्या, मग ते जे लिहितील ते सूचना म्हणूनच येतं, थेट मजकूर बदलत नाही. आणि प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला Version history मध्ये जाऊन त्या आवृत्तीला नाव द्या. पहिल्या दिवशी "आण्णांचा मूळ खर्डा" असं नाव दिलेली आवृत्ती असायलाच पाहिजे.

राउंड थांबतच नाहीत. किती पुरे?

आकडा माझ्याकडं नाही, पण राउंडला विषय असला की ते थांबतात. आम्ही चौथ्या राउंडनंतर शहाणे झालो आणि ठरवलं की पाचव्यात फक्त माहिती बघायची, सहाव्यात फक्त छपाईच्या चुका. सहाव्यात साहेबांनी एक अख्खा परिच्छेद नव्यानं लिहून पाठवला, तो मी घेतला नाही, फोन करून विचारलं की यात माहिती काही चुकलीय का. "नाही, असंच जरा बरं वाटलं." मग राहू द्या म्हटलं, राहिलं. त्यांनी पाचव्यात त्या पानाला मान्यता दिलेली ईमेल माझ्याकडं होती, ती दाखवावी लागली नाही पण ती आहे हे माहीत असल्यामुळं मला ठाम बोलता आलं. पानापानाला मान्यता लेखी घेत जा.

लेखकाला कधी दाखवायचं?

दर राउंडला ट्रॅक चेंजेसची फाइल लेखकाला पाठवू नका. आण्णांच्या मुलानं पहिल्या राउंडची रंगीत प्रिंट त्यांना दाखवली, आणि आपल्या लिखाणावर एवढं लाल बघून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दोनदा दाखवायचं. एकदा मधे, फक्त वादाची वाक्यं घेऊन. आणि एकदा शेवटी, सगळं स्वच्छ, वाचून.

शेवटचं वाचन आम्ही त्यांच्या गुऱ्हाळावर केलं, हंगाम चालू होता, चुलवाणाच्या बाजूला बसून मी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. पाकाचा परिच्छेद आला तेव्हा थर्मामीटरच्या वाक्यावर त्यांनी हात वर केला. मला वाटलं आता हे काढ म्हणणार. म्हणाले, "दाखवतो न्हवं, दाखवील म्हण. थर्मामीटर बिघडतोय पण." तो बदल मी तिथं बसून वहीत लिहिला, पण फाइल आदल्या दिवशीच छपाईला गेली होती, त्यामुळं पहिल्या आवृत्तीत "दाखवतो" असंच आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या यादीत तो पहिल्या नंबरला आहे, आणि शेवटचं वाचन छपाईच्या निदान आठवडाभर आधी ठेवायचं हे मी तेव्हापासून पाळते.

छपाईला फाइल देताना एवढंच करा म्हणून काही?

No Markup करून स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय म्हणजे बदल गेले असं नव्हे, ते फक्त लपलेले असतात आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर परत उघडे पडतात. All Markup करा, Reviewing Pane मध्ये आकडा शून्य आहे का बघा, कॉमेंट्स पण काढा, मग पीडीएफ करा आणि ती पीडीएफ दुसऱ्याच माणसाला उघडून बघायला सांगा. एका दुसऱ्या कामात "हे लेखकाला विचार" अशी कॉमेंट समासासकट प्रेसला गेली होती, प्रेसवाल्या मामांनी फोन करून विचारलं म्हणून वाचलो.

प्रेसवर फाइल गेल्यावरही मूळ खर्डा डिलीट करू नका. दुसरी आवृत्ती निघते तेव्हा तुलना परत तिथूनच सुरू करायची असते.